पंधरा दिवसांचं किचन बावीस दिवसांत का होतं?

*ताई, नाशिकला माझं मॉड्युलर किचनचं छोटं वर्कशॉप आहे. गिऱ्हाइकाला पंधरा दिवस सांगतो आणि लागतात वीस-बावीस. एकदा तर महिना उलटला. दर वेळी कारण वेगळं, त्यामुळे सुधारायचं काय तेच कळत नाही. २० टक्के दिवस वाढवून सांगावेत असं मनात आहे. बायको म्हणते, सरळ दुप्पट सांगा. पण दुप्पट सांगितले तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाईल. मागच्या दहा कामांचे सांगितलेले दिवस, लागलेले दिवस आणि कडेला उशिराचं कारण असं वहीत लिहिलेलं आहे, त्या पानांचे फोटो पाठवतोय. शिवाय एका घरी बावीस दिवसांनी वास्तुशांत आहे आणि टाइल्सवाला अजून चार दिवस मागतोय. हे काम घेऊ का?*
*— एक वाचक, नाशिक*

नमस्कार.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं तुमच्या वहीतच आहे, म्हणून आधी तीच उघडते. दहाही कामांत मी एकच भागाकार केला : प्रत्यक्ष लागलेले दिवस भागिले सांगितलेले दिवस. पंधरा सांगून अठरा लागले तर १.२, अठरा सांगून सत्तावीस लागले तर १.५. ही दहा उत्तरं लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लावली की असं दिसतं :

१, १.२, १.२, १.२, १.२५, १.३३, १.३३, १.४, १.५, २.२

आता तुमचे २० टक्के या ओळीवर ठेवून बघा. १.२ किंवा त्याच्या आतली कामं फक्त चार आहेत. म्हणजे २० टक्के वाढवून तारीख दिली असती, तरी दहांतल्या सहा गिऱ्हाइकांकडे उशीर झालाच असता. वहिनींचं दुप्पट घेतलं तर नऊ कामं वेळेत बसतात. पण नुसतं दीडपट घेतलं तरी तीच नऊ बसतात! दीडपटीपासून दुपटीपर्यंत जे जास्तीचे दिवस तुम्ही मागाल, त्यांनी तुमच्या दहा कामांत एकाही जास्त गिऱ्हाइकाला वेळेवर किचन मिळत नाही. आणि जे एक काम राहतं, ते २.२ चं, ते दुपटीतही मावत नाही. दहांतली आठ कामं वेळेत हवी असतील तर तुमचा आकडा १.४ आहे. म्हणजे पंधरा दिवसांच्या किचनला एकवीस.

वीस टक्के आणि दुप्पट हे दोन्ही आकडे हवेतून आलेले आहेत. १.४ तुमच्या वर्कशॉपमधून, तुमच्या माणसांकडून, तुमच्या शटरवाल्याकडून आलेला आहे. शेजारच्या वर्कशॉपचा आकडा वेगळा निघेल आणि तो तुमच्या कामाचा नाही.

पण एकवीसवर थांबू नका, कारण वहीच्या कडेला लिहिलेली कारणं याहून जास्त सांगतात. त्याआधी हा उशीर का होतो, ते बघू.

गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना तुम्ही दिवस कसे मोजता? प्लाय कटिंगला दोन दिवस, एज बँडिंग आणि बॉक्स जोडायला तीन, शटर बाहेरून यायला सात, फिटिंगला तीन. बेरीज पंधरा. यातला एकही आकडा खोटा नाही. सगळं सुरळीत चाललं तर एवढेच दिवस लागतात. मात्र तुम्ही मोजलीत ती फक्त कामं. कामांच्या मधली वाट बघणं त्या बेरजेत कुठेच नाही, कारण वाट बघणं हे काम म्हणून आपल्या डोळ्यांसमोर येतच नाही.

दुसरी गोष्ट अशी की, उशिराला वरची मर्यादा नसते आणि लवकर होण्याला असते. तीन दिवसांचं फिटिंग फार तर दोन दिवसांत होईल. पण चिमणीचं भोक चुकीच्या जागी निघालं किंवा सिंकचा कटआउट लहान पडला, तर तेच फिटिंग आठ दिवस लांबतं. तुमच्या ओळीतही तेच दिसतं : सगळ्यात चांगलं काम १ वर थांबलं, सगळ्यात वाईट २.२ पर्यंत गेलं. शिवाय वाचलेला दिवस पुढे सरकत नाही. कटिंग एक दिवस आधी झालं तरी शटर ठरलेल्या दिवशीच येणार. उशीर मात्र पुढच्या प्रत्येक टप्प्याला ढकलतो.

आणि टप्पे जितके जास्त, तितका हा प्रकार वाढतो. समजा मापं, कटिंग, बॉक्स, शटर, फिटिंग असे पाच टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्पा वेळेत होण्याची शक्यता दहात आठ आहे. ऐकायला हे चांगलं वाटतं. पण पाचही टप्पे वेळेत होण्याची शक्यता ०.८ ला पाच वेळा गुणून येते, ०.३३ च्या आसपास. तीन किचनमधलं एकच. दर वेळी कारण वेगळं असतं असं तुम्ही लिहिलंय, त्याचा उलगडा इथे आहे. पाचांतला कुठला टप्पा अडेल हे दर वेळी बदलतं, तीनांतल्या दोन किचनमध्ये कुठला तरी मात्र अडतोच. म्हणून एकेक कारण पकडून त्याच्यामागे लागलात तर हाताला काही लागत नाही.

ही फक्त धंदेवाल्यांची गोष्ट नाही. १९७९ साली डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी कामाला लागणारा वेळ कमी धरण्याच्या या सवयीला ‘प्लॅनिंग फॅलसी’ असं नाव दिलं. पुढे १९९४ मध्ये ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस या संशोधकांनी कॅनडात प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, किती दिवसांत संपेल? सरासरी उत्तर आलं सुमारे ३४ दिवस. मग विचारलं, सगळं काही बिघडलं तर? सुमारे ४९ दिवस. प्रत्यक्षात सरासरी ५५ च्या वर दिवस लागले. ‘सगळं बिघडलं तर’ म्हणून दिलेल्या मुदतीतही निम्म्याहून कमी विद्यार्थ्यांचं काम संपलं.

हे मी मुद्दाम सांगतेय. उशीर टाळायचा म्हणून आपण पहिली गोष्ट करतो ती हीच : बसून विचार करतो, काय काय बिघडू शकेल, आणि त्यासाठी दोन दिवस धरतो. तो विचारही डोक्यातल्या चित्रावरच चालतो आणि कमी पडतो. याच संशोधकांना असंही दिसलं की, लोकांना आधीचे उशीर आठवत नव्हते असं नाही. आठवले की ते म्हणायचे, ‘ती वेळ वेगळी होती.’ तुमच्या वहीत सातव्या कामापुढे, पंधराचे तेहतीस झाले तिथे, तुम्ही लिहिलंय ‘हे सोडून द्या, पार्टीच तशी होती’. ते काम सोडून द्यायचं नाही. तशी पार्टी पुढच्या दहांतही एखादी असणारच, आणि ती आधीपासून ओळखू येत नाही.

आता कारणं. दहा कामांत मिळून तुम्ही १५५ दिवस सांगितले आणि २१२ लागले, म्हणजे ५७ दिवस जास्त. ते मी तीन ढिगांत वाटले. गिऱ्हाइकाच्या घरी काम अडलं, म्हणजे टाइल्स बाकी, ओट्याचं ग्रॅनाइट बसलेलं नाही, नळाचा किंवा इलेक्ट्रिकचा पॉइंट हलवला, असे ३१ दिवस. शटर, चॅनेल, बिजागऱ्या वेळेवर आल्या नाहीत, असे १५. तुमच्या वर्कशॉपमध्येच जास्त वेळ गेला, असे ११.

हे वाटप करताना मला सगळ्यात जास्त जाणवलं ते हे की, ५७ पैकी फक्त ११ दिवस तुमच्या कारागिरांचे आहेत. तुम्ही मात्र उशीर झाला की मिस्त्रीला रात्री थांबवता, हेही कडेला लिहिलेलं आहे. रात्रपाळीने ११ चे ८ होतील. ३१ तसेच राहतील.

त्या ३१ दिवसांसाठी वाढीव दिवस धरणं हा उपायच नाही, कारण ते दिवस तुमच्या कामाचे नाहीत. तुमचं घड्याळ लवकर सुरू होतं एवढंच. अॅडव्हान्स मिळाला त्या दिवसापासून तुम्ही पंधरा मोजता. त्याऐवजी घर तयार झाल्यापासून मोजा. घर तयार म्हणजे काय, हे एका कागदावर लिहून ठेवा : ओटा ग्रॅनाइटसकट बसलेला, सिंक आणि शेगडीचे कटआउट झालेले, खालच्या आणि भिंतीच्या टाइल्स पूर्ण, नळ, ड्रेनेज आणि इलेक्ट्रिकचे पॉइंट पक्के, चिमणीची जागा ठरलेली. हे सगळं असेल त्या दिवशी शेवटची मापं घ्यायची, कागदावर गिऱ्हाइकाची सही घ्यायची आणि ती तारीख म्हणजे दिवस पहिला. टाइल्सच्या आधी घेतलेली मापं तशीही धोक्याची असतात. टाइल आणि तिच्यामागचं सिमेंट मिळून भिंत पुढे येते आणि काटोकाट मापाचा बॉक्स अडकतो, हे तुम्हाला सांगायला नको.

घड्याळ असं लावलं असतं तर तीच दहा कामं कशी दिसली असती? घरी अडलेले दिवस वगळून पुन्हा भागाकार केला :

१, १, १.११, १.१३, १.२, १.२, १.२, १.२२, १.२५, १.३३

सातवं काम २.२ वरून थेट १ वर आलं. त्या पार्टीच्या घरी तुमचा स्वतःचा एक दिवसही जास्त गेलेला नव्हता. आणि आता १.२५ घेतलं तर दहांतली नऊ कामं वेळेत बसतात. पंधराला एकोणीस दिवस. दुकानात बोलायचं ते असं : ‘टाइल्स आणि पॉइंट पूर्ण झाल्यावर मी मापं घेतो, सही होते, आणि त्या दिवसापासून एकोणीस दिवसांत किचन हातात.’ समोरचा पंधरा म्हणेल. म्हणू दे. दहांतल्या नऊ घरांत तुमचा शब्द पाळला गेलेला असेल आणि तीच घरं पुढचं गिऱ्हाईक पाठवतात.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे पाळा. गिऱ्हाइकाचं घर तयार नसण्याची वेळही गिऱ्हाइकाच्याच आयुष्यातली असते. गिऱ्हाइकाला भाड्याचं घर कधी सोडायचं ते ठरवायचं असतं. म्हणून अॅडव्हान्स घेतानाच त्याला दोन्ही सांगा : ‘घर तयार झाल्यापासून एकोणीस, आणि माझा अनुभव असा की दहांतल्या चार घरांत टाइल्स-प्लंबिंगपायी चार-पाच दिवस जास्त गेले, त्यांतल्या एका घरी तर अठरा.’ घड्याळ थांबवून नंतर त्याच्याकडे बोट दाखवणं सोपं आहे, पण ते करू नका.

आता वहीबद्दल, कारण इथे चुका होतात आणि त्या उशिरा कळतात.

पहिली चूक : वाढवलेला आकडा अंदाज म्हणून लिहिणं. उद्यापासून तुम्ही गिऱ्हाइकाला एकोणीस सांगाल. वहीत अंदाजाच्या रकान्यात एकोणीस लिहिलंत आणि प्रत्यक्षातही एकोणीस लागले, तर भागाकार १ येईल आणि वर्षभराने तुम्हाला वाटेल की वाढवायची गरजच उरली नाही. म्हणून रकाने दोन ठेवा. एकात तुमचा कच्चा अंदाज, म्हणजे मनातले पंधरा, दुसऱ्यात गिऱ्हाइकाला दिलेले एकोणीस. भागाकार नेहमी कच्च्या अंदाजाने करायचा. तो अंदाज ऑर्डर घेतानाच पेनने लिहायचा आणि मागाहून हात लावायचा नाही.

दुसरी चूक : काम कधी संपलं हे न ठरवणं. तुमच्या वहीत दोन ठिकाणी ताब्याच्या तारखेनंतर ‘हँडल बाकी’, ‘टँडम बॉक्स घासतो’ असं आहे. गिऱ्हाइकाच्या लेखी ते किचन पूर्ण नव्हतं. शेवटचं हँडल बसलं आणि शेवटचा हप्ता मिळाला तो दिवस संपण्याचा धरा. त्याने तुमचे आकडे थोडे वाढतील. वाढू द्या, ते खरे असतील.

तिसरी चूक सगळ्यात नकळत होते. वाढीव दिवस प्रत्येक टप्प्यात थोडे थोडे पेरले की ते संपतातच. कटिंगला दोनऐवजी तीन दिवस दिले तर कटिंग तीन दिवस चालतं. सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५५ साली मांडलेला नियम हाच आहे : जेवढा वेळ द्याल तेवढं काम पसरतं. म्हणून मिस्त्रीच्या फळ्यावर तारखा पंधराच्याच ठेवा. चार जास्तीचे दिवस सगळे मिळून शेवटी, फिटिंगनंतर, एका जागी ठेवा आणि कुठे खर्च झाले ते लिहा. शटर दोन दिवस उशिरा आलं, चारातले दोन गेले. आठवड्याच्या मध्यात किती उरलेत ते बघितलं की गिऱ्हाइकाला फोन करायचा की नाही, ते कळतं. पहिल्या आठवड्यातच तीन दिवस गेले असतील तर फोन त्याच दिवशी करा.

दहा कामं हा छोटा हिशेब आहे, हेही लक्षात असू द्या. एखादं काम इकडचं तिकडे झालं की १.२५ चं १.३३ होतं. दर पाच कामांनंतर ओळ पुन्हा लावा आणि शेवटच्या वीस कामांच्या पलीकडे मागे जाऊ नका, कारण तुमची माणसं आणि माल देणारे बदलत असतात. दहांतली आठ-नऊ वेळेत होत असतील तर आकडा बरोबर आहे. सहा-सातच होत असतील तर वाढवा. सलग वीसच्या वीस वेळेत झाली तर खूश होण्याआधी बघा, काम पसरायला तर लागलं नाही ना.

आणि सारखं सारख्याशीच मोजा. ही दहाही सरळ किंवा एल आकाराची किचन आहेत. वॉर्डरोबसकट पूर्ण फ्लॅटचं काम आलं तर हा आकडा लावू नका, त्याची वेगळी ओळ सुरू करा. दसरा-दिवाळीच्या आधीची कामंही वेगळ्या खुणेने लिहा. तेव्हा सगळ्यांनाच गृहप्रवेश करायचा असतो, शटरवाल्याकडे रांग असते आणि सणाला तुमचे कारागीर गावी जातात. तुमच्या दहांत दिवाळीच्या तोंडावरचं एकच काम आहे, त्यामुळे त्या दिवसांसाठी १.२५ वर विसंबू नका. एकाच वेळी तीन ऑर्डरी चालू असतील तर तेही कडेला लिहा. कटिंगची मशीन एकच असल्यामुळे पंधरा दिवसांचा अंदाज तिथेच मोडतो.

१५ दिवस मालापायी गेले, त्यांचीही अशीच वेगळी ओळ लावता येईल. शटरवाल्याने सांगितलेले दिवस आणि आलेले दिवस, एवढंच लिहा. तो सात म्हणतो आणि आठ-दहा लागतात, असं वहीवरून वाटतं. पाच-सहा ऑर्डरींत खरं काय ते कळेल, आणि मग तुमच्या कच्च्या अंदाजात सातच्या जागी तोच आकडा घालायचा.

राहिलं वास्तुशांतीचं काम. हातात बावीस दिवस आहेत. घर तयार झाल्यापासून तुम्हाला एकोणीस लागतात, म्हणजे टाइल्ससाठी तीन दिवस उरतात आणि टाइल्सवाला चार मागतोय. शिवाय त्याचे चार हा त्याचा कच्चा अंदाज आहे. त्याची वही आपल्याकडे नाही, पण ज्या चार घरांत तुमचं काम अडलं, तिथे कमीत कमी चार दिवस जास्त गेले होते. पूर्ण किचनचा शब्द या तारखेला देऊ नका.

काम मात्र सोडूही नका. वास्तुशांतीला घराला लागतो तो चालू ओटा : शेगडी, सिंक, खालचे ट्रॉलीचे बॉक्स. वरची कपाटं आणि उंच युनिट नंतर आलं तरी कार्य अडत नाही. खालच्या भागाला तुमचा कच्चा अंदाज नऊ दिवस असेल असं धरते, तुमचा वेगळा असेल तर तो घाला. अर्ध्या किचनचा अनुभव वहीत नाही, म्हणून इथे दुसऱ्या ओळीतला सगळ्यात मोठा आकडा, १.३३, घ्या. नऊचे बारा होतात. बावीसातून बारा गेले की दहा दिवस राहतात, त्यामुळे टाइल्सवाल्याचे चार वाढून दहा झाले तरी निभावतं.

म्हणून त्यांना दोन तारखा लिहून द्या. घर दहाव्या दिवसापर्यंत तयार झालं तर खालचा भाग वास्तुशांतीच्या आधी, आणि वरचा भाग घर तयार झाल्यापासून एकोणीस दिवसांत. खालच्या बॉक्सना लॅमिनेटची शटर तुमच्याच वर्कशॉपमध्ये करता आली तर बाहेरच्या अॅक्रिलिक शटरची वाट बघण्याचा धोकाही जातो. गिऱ्हाईक अॅक्रिलिकवरच अडून बसलं तर शटरवाल्याचे खरे दिवस मोजून बघा, आणि ते बारात बसत नसतील तर वास्तुशांतीला शटरशिवाय बॉक्स चालतील का, हे आत्ताच विचारून घ्या.